अंगठ्याखालचा छेद

वाईजवळच्या गावी आमच्या घराचे बांधकाम चालू आहे आणि मी नोकरीसाठी पुण्यात असल्यामुळे ते मला बहुतांशी व्हॉट्सॲपवरच दिसते. परवा सकाळी सुपरवायझरने नकाशातील उभ्या छेदाचा, म्हणजे साइटवर ज्याला सगळे 'सेक्शन' म्हणतात त्याचा, फोटो पाठवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची सिल किती उंचीवर घ्यायची ते मिस्त्रींना कळवा, असे खाली लिहिले. आर्किटेक्ट लग्नाला गेले होते आणि उद्या खिडकी चुकली तर ती मालकाच्या तोंडून चुकलेली बरी, असा त्यामागे सुज्ञ विचार असावा. नकाशा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पसरलेला होता, त्याला मधोमध घडी पडलेली होती आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे प्रमाण आणि टिपा छापतात नेमक्या तिथे, सुपरवायझरचा अंगठा होता.

खिडकीच्या तळाशी एक लहानसा त्रिकोण आणि त्याच्याजवळ +१.६५ असे स्वच्छ दिसत होते. मी मीटरचे फूट केले आणि 'पाच फूट पाच इंच' असे मोठ्या आवाजात जाहीर केले. माझी पत्नी पाच फूट एक इंच उंच आहे. "अहो, मग बाहेर बघायला मी काय ओट्यावर चढू?" तिने विचारले.

तिच्या या प्रश्नामुळेच मला जोते आठवले. त्रिकोणाजवळ लिहिलेला आकडा ही पातळी असते आणि ती नकाशातल्या शून्यापासून मोजलेली असते. आमच्या नकाशात ते शून्य अंगणातल्या जमिनीवर होते, आणि स्वयंपाकघराच्या फरशीपाशी +०.६० लिहिलेले होते. आपण उभे राहतो ते फरशीवर, म्हणून १.६५ मधून ०.६० वजा केल्यावर सिल १.०५ मीटरवर, म्हणजे सुमारे साडेतीन फुटांवर आली. अंगणात उभे राहून पाहणाऱ्याला मात्र ती खरोखरच पाच फूट पाच इंचांवर दिसणार होती, त्यामुळे मी चुकलो नव्हतो, फक्त घराबाहेर होतो, असे मी पत्नीला सांगून पाहिले.

आता खिडकीच्या गाळ्याच्या माथ्यापासून तुळईपर्यंत किती अंतर आहे, हेही पाहावे असे वाटले. पण तो आकडा घडीत सापडून १५० आहे की ४५०, ते कळेना. मुलाची पट्टी घेऊन मी थेट मोबाइलच्या काचेवर मापे घेतली. खालचे ६०० मिलिमीटरचे जोते काचेवर १२ मिलिमीटर भरले, म्हणजे काचेवरचा एक मिलिमीटर खऱ्या ५० बरोबर. आणि ते वादग्रस्त अंतर ७ मिलिमीटर भरले, म्हणजे खरे ३५०. आकडा १५० नाही आणि ४५०ही नाही, असा तिसराच शोध लावून मी काही काळ समाधानात होतो. मग लक्षात आले की फोटो कागदाच्या खालच्या कडेकडून, वाकून काढलेला आहे. त्यामुळे कॅमेऱ्याजवळचे जोते ऐसपैस आले आहे आणि लांबचे छत आखडले आहे. अशा फोटोत तळाच्या मापावरून माथ्याचे माप काढणे म्हणजे पंगतीत जवळ बसलेल्याचा चेहरा पाहून टोकाला बसलेल्याचे वजन सांगण्यासारखे आहे.

सुटका झाली ती बेरजेने. उजवीकडे मापांची एक उभी साखळी होती: जोते ६००, फरशीपासून सिल १०५०, खिडकीचा गाळा १०५०, मग तो संशयित आकडा, आणि स्लॅबच्या जाडीसह तुळई ४५०. स्लॅबच्या माथ्यावर पातळी +३.६० लिहिलेली होती. संशयिताला १५० धरले तर बेरीज ३३०० होते आणि आमचे घर नकाशापेक्षा एक फुटाने बुटके राहते; ४५० धरले तर बरोबर ३६०० भरतात. मीच मांडलेली बेरीज आणि छापलेली पातळी यांची अशी गाठ पडली तेव्हा मला शाळेतल्या गणिताच्या गुणांबद्दल प्रथमच अन्याय झाल्यासारखे वाटले.

मी मिस्त्रींना फोन करून १०५० असे ठणकावून सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली.

"साहेब, लादी बसल्यावर की आत्ता?"

मी पुन्हा फोटो मोठा केला. +०.६० च्या शेजारी बारीक अक्षरांत 'एफएफएल' होते, म्हणजे ही पातळी पूर्ण झालेल्या फरशीची होती. आणि साइटवर अजून नुसते काँक्रीट होते, ज्यावर मसाला आणि लादी मिळून ५० मिलिमीटरचा थर चढायचा होता. तेव्हा आजच्या काँक्रीटपासून ११०० मोजायला हवे होते. मिस्त्रींनी पाण्याच्या नळीने लेव्हल मारून भिंतीवर खडूची रेघ ओढली, आणि या वेळी पत्नीने तिचा फोटो मागवून घेतला.

संध्याकाळी आर्किटेक्टकडून मूळ नकाशा आला. सकाळी अंगठा होता त्या जागी छापलेले होते: 'नकाशावरून मापे मोजू नयेत. लिहिलेली मापेच ग्राह्य धरावीत.'