सिग्नेचर कोण वाचतं?

सांगलीच्या मार्केट यार्डात तुमची हळदीची पेढी आहे, मेल पाठवणारी दोन-तीन माणसं आहेत, आणि कुणी शहाणा सांगू लागला की मेल सोडण्याआधी विषय, नमस्कार आणि खालची सिग्नेचर एकदा तपासत जा, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मेलमध्ये तपासायचा असतो तो भाव. वरचं आणि खालचं कोण वाचतं?

सुरुवात सिग्नेचरपासून करू, कारण तिथं कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त नुकसान होतं. नवा माणूस कामावर आला की त्याची सिग्नेचर नव्यानं बनवायची नाही. सोडून गेलेल्याची उचलायची. जुन्या नावावर नवं नाव टाइप करा, मोबाईल नंबर बदला, मेल आयडी बदला, झालं. दिसायला सगळं नवंकोरं. हरिपूरच्या पेवात जशी हळद वर्षानुवर्षं टिकायची, तसा जुना माणूस त्या सिग्नेचरच्या पोटात टिकून राहतो.

कारण अगदी साधं आहे. सिग्नेचरमधला मेल आयडी दोन थरांचा असतो. वर दिसतात ती अक्षरं, आणि खाली `mailto:` पुढं लपलेला खरा पत्ता, जिथं बोट लावल्यावर मेल जातो. तुम्ही वरची अक्षरं बदललीत, खालचा पत्ता बहुतेक वेळा होता तिथंच राहतो. फोन नंबरचंही तेच, तिथं खाली `tel:` असतं.

समजा, तुमच्या मुंबईच्या गिऱ्हाइकानं तुमचा मेल दुबईच्या व्यापाऱ्याला पुढं पाठवला. त्याला राजापुरी हळकुंड हवं आहे आणि क्युरक्युमिनचा रिपोर्टही. तो ‘रिप्लाय’ दाबू शकत नाही, ते उत्तर मुंबईला जाईल. म्हणून तो खाली सिग्नेचरमधल्या आयडीला बोट लावतो. उघडलेल्या कोऱ्या मेलच्या वर कुणाचा पत्ता आला हे कोण बघत बसतं? मेल जातो जुन्या माणसाकडं. तुम्ही त्याचा आयडी बंद केला असेल तर तो मेल परत तरी जाईल. पण चालू ठेवला असेल, आणि त्याच्या मोबाईलमध्ये पासवर्ड अजून तसाच असेल, तर तो सध्या ज्या पेढीवर बसतो तिथून दुबईला भाव वेळेत पोचतो. सौदा सांगलीतच राहिला, एवढं समाधान माना.

या चुकीचं सौंदर्य असं की ती महिनोन्महिने कळत नाही. रोजची गिऱ्हाइकं रिप्लायच दाबतात आणि ते उत्तर बरोबर तुमच्याकडं येतं, कारण ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर जातं, सिग्नेचरच्या नाही. हुकतो तो फक्त नवा माणूस, आणि जो आलाच नाही त्याची तक्रार येत नाही. तेव्हा कॉम्प्युटरवर त्या आयडीवर माऊस चुकूनही नेऊ नका. ब्राउजरच्या खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो आणि उगाच जीवाला घोर लागतो. स्वतःच्या दुसऱ्या खात्यावर एक मेल टाकून मोबाईलवर प्रत्येक लिंकला बोट लावून बघणं तर फारच झालं. त्याला पाच मिनिटं लागतात.

लँडलाईन लिहिताना `+91` नंतर `0233` पूर्ण लिहा. शून्य देशाबाहेरून फिरवायचं नसतं आणि तसं फिरवलं तर फोन बहुतेक वेळा लागत नाही, पण शून्याशिवाय सांगलीचा नंबर डोळ्यांना ओका-ओका दिसतो. पत्ता आणि फर्मचं नाव सगळं कॅपिटलमध्ये घ्या. भारदस्त दिसतं, शिवाय आउटलुकच्या स्पेलचेकची तशी सेटिंग चालू असेल तर तो कॅपिटलमधले शब्द आणि आकडे मिसळलेले शब्द सोडूनच देतो. मग `TURMERIC` चं `TURMRIC` झालं तरी लाल रेघ येणार नाही, आणि रेघ आली नाही म्हणजे चूक नाही, हा पेढीचा नियमच आहे.

आणि कधी दुरुस्ती करायचीच झाली तर एकाच ठिकाणी करा. जीमेलमध्ये नव्या मेलची सिग्नेचर वेगळी आणि उत्तराची वेगळी लावता येते. मोबाईलच्या ॲपमध्ये तिसरीच असू शकते. सकाळी कॉम्प्युटरवरून नव्या माणसाच्या नावानं भाव गेला, दुपारी जेवताना मोबाईलवरून जुन्याच्या नावानं होकार गेला, तर गिऱ्हाइकाला वाटतं पेढी मोठी आहे.

आता विषय. विषयात आधी फर्मचं नाव, मग ‘मार्केट यार्ड, सांगली’, मग ‘यांचेकडून सविनय’, आणि माल सगळ्यात शेवटी. पाठवणाऱ्याचं नाव शेजारीच दिसत असतं, पण दोनदा वाचलं तर बिघडलं कुठं? मोबाईलवर विषयाची पहिली तीस-चाळीस अक्षरं दिसतात. तेवढ्यात तुमचा पत्ता बसतो, हळद बसत नाही. याहून सोपी युक्ती म्हणजे विषय लिहायचाच नाही. त्या गिऱ्हाइकाचा जुना मेल शोधा आणि त्यालाच उत्तर द्या. मग या हंगामाचा भाव `Re: Re: Fwd: दिवाळीच्या शुभेच्छा` या नावानं जातो आणि जुन्या गप्पांच्या गठ्ठ्यात जाऊन बसतो. आठवड्यानं तो ‘हळद’ टाकून विषयाची यादी चाळेल तेव्हा त्याला दुसऱ्याचा मेल सापडेल. विषय बदलला असतात तर जीमेलनं तो स्वतंत्र संवाद म्हणून वर दाखवला असता, पण एवढी घाई कशाला.

राहिला नमस्कार. एक्सेलमधून शंभर गिऱ्हाइकांना मेल सोडताना दिवाणजींना सांगा, नावांचा रकाना अकारविल्हे लावून घ्या. फक्त नावांचा. एक्सेल बिचारं विचारतं की शेजारचे रकानेही बरोबर हलवू का. त्याला ‘नाही’ म्हणा. नावं हलली, आयडी जागच्या जागी राहिले. आता जोशींच्या पत्त्यावर ‘आदरणीय चौगुले साहेब’ जातं. प्रूफ वाचणारा कितीही डोळे फोडून बघू दे, प्रत्येक नाव शुद्धच आहे, काना-मात्रा जागेवर आहे. ही चूक एकेका नमस्कारात दिसत नाही. वरची, मधली आणि खालची अशा दोन-चार ओळींत नाव आणि आयडी समोरासमोर धरले तरच दिसते. म्हणजे धरू नका.

रकान्यातल्या प्रत्येक नावाला ‘श्री.’ आणि ‘साहेब’ सरसकट लावा. पाटलांचे मेल तर आपल्या भागात इतके, की कोण पाटील दादा आणि कोण पाटील मॅडम हे विचारणं म्हणजे पेढीचा वेळ घालवणं. शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मॅडमना ‘पाटील साहेब’ म्हणून गेलं तर त्या फार तर उत्तर देणार नाहीत. ज्यांचं नाव रकान्यात नाही त्यांना ‘नमस्कार ,’ एवढंच जाईल. स्वल्पविरामाआधीच्या त्या मोकळ्या जागेत ते आपलं नाव मनातल्या मनात भरून घेतील.

इतकं करूनही कुणी फोन करून चूक दाखवलीच, तर लगेच सगळ्यांना माफीचा मेल सोडा. विषय `Re: Re: Fwd: दिवाळीच्या शुभेच्छा`, नावं त्याच रकान्यातली, आणि मजकुरात लिहा, ‘काही शंका असल्यास खालील आयडीवर कळवावे.’