मॉड्यूलवर ‘२ अँपिअर’ लिहिणाऱ्यांनो, कोणत्या बाजूचे ते तरी लिहा!

परत तेच. कोणीतरी राउटरचा बॅकअप बनवून आणलाय, एक लिथियम सेल, त्यावर बूस्ट करणारं छोटंसं निळं मॉड्यूल, आउटपुट १२ व्होल्टला सेट. आणि तक्रारही तीच: ‘लाइट गेल्यावर आधी व्यवस्थित चालतो, मग मध्येच बंद पडून परत सुरू होतो. राउटर खराब आहे का?’ राउटरला काही झालेलं नाही हो! दुकानात विचारलं तर छातीठोक उत्तर मिळालं होतं, ‘दोन अँपिअरचं मॉड्यूल आहे, तुमचा राउटर एक अँपिअरचा, बिनधास्त लावा.’ हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. कारण ते दोन अँपिअर आउटपुटला कायम मिळतातच असं नाही.

ही मॉड्यूल्स बहुतेक MT3608 या चिपवर असतात. त्याच्या डेटाशीटमध्ये 4 अँपिअरची मर्यादा दिलीय, पण ती आतल्या स्विचची. म्हणजे इंडक्टरमधून जो करंट चढत जातो, त्याचं टोक 4 अँपिअरला गेलं की चिप स्विच बंद करते. लोडला किती मिळेल हे त्यावरून थेट कळतच नाही, ते इनपुट आणि आउटपुट व्होल्टेजच्या प्रमाणावर ठरतं. बूस्ट कन्व्हर्टर व्होल्टेज वाढवतो तेव्हा करंट त्याच प्रमाणात इनपुटकडून जास्त ओढतो, वर स्वतःचा तोटा वेगळा. एवढं साधं गणित दाबून ठेवायचं आणि वर मोठ्या अक्षरात ‘2A’ छापायचं, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं?

चार ओळींचं गणित आहे:

```
D   = 1 - (Vin × η) / Vout
Iin = (Vout × Iout) / (Vin × η)
ΔI  = (Vin × D) / (f × L)
Ipk = Iin + ΔI / 2
```

D म्हणजे ड्यूटी सायकल, स्विच किती भाग वेळ चालू असतो ते, η कार्यक्षमता, f स्विचिंगची फ्रिक्वेन्सी, L इंडक्टर, ΔI रिपल म्हणजे इंडक्टरच्या करंटचा चढउतार, आणि Ipk त्याचं टोक, म्हणजे पीक. आणि इथेच दुसरा संताप. कॉलेजातून आलेली पोरं Vin म्हणून डोळे झाकून 3.7 टाकतात, कारण सेलवर 3.7 छापलेलं असतं, आणि η सोडूनच देतात. अरे, सेल दिवसभर 3.7 वर बसून राहतो का? भरलेला असताना लोडवर 4 व्होल्टच्या आसपास, संपत आला की 3.0. बूस्टमध्ये सगळ्यात वाईट वेळ म्हणजे सगळ्यात कमी इनपुट. हिशोब तिथे करायचा, छापील आकड्यावर नाही.

करून बघू. लोड 12 व्होल्ट 1 अँपिअर, म्हणजे 12 वॉट. कार्यक्षमता 85 टक्के धरतो, एवढ्या मोठ्या चढाला हीसुद्धा उदारच आहे. सेल भरलेला, 4.0 व्होल्ट: ड्यूटी सायकल 0.72, इनपुट करंट 3.5 अँपिअर. चिप 1.2 मेगाहर्ट्झवर चालते आणि मॉड्यूलवर 22 मायक्रोहेन्रीचा इंडक्टर असतो, त्यामुळे रिपल जेमतेम 0.1 अँपिअर येतो. पीक 3.6. चार अँपिअरच्या आत, कसंबसं. म्हणून दुकानात काउंटरवर चालवून दाखवतात आणि चालतंही!

आता तोच सेल 3.0 वर येऊ द्या. ड्यूटी सायकल 0.79. इनपुट करंट 12 भागिले 2.55, म्हणजे 4.7 अँपिअर. रिपलचा अर्धा भाग धरून पीक 4.75. मर्यादा 4 ची. चिप दर वेळी स्विच लवकर बंद करते, इंडक्टरमध्ये पुरेशी ऊर्जा साठत नाही, आउटपुट 12 वरून खाली बसतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. लोड क्षणभर सुटला की व्होल्टेज परत वर, राउटर परत चालू, पुन्हा तेच. राउटर शांत असताना 1 अँपिअरपेक्षा बराच कमी घेतो, म्हणून काही वेळ निभावतं. घरातल्या सगळ्यांनी व्हिडिओ लावले की पडतं. मग लोक राउटर बदलतात, इंटरनेटवाल्याला फोन करतात, आणि खऱ्या दोषीला सोडून सगळ्यांना शिव्या घालतात.

त्यात वायरींची भर. सेलचा आतला रोध, संरक्षण सर्किट, बारीक तारा, सगळं मिळून 0.1 ओहम धरा. 4.7 अँपिअरला त्यात जवळपास अर्धा व्होल्ट जातो. मॉड्यूलला 2.5 मिळाले की त्याला 12 वॉट पुरवायला 5.6 अँपिअर हवेत, म्हणून तो आणखी ओढतो, आणि तारेत आणखी जातं. म्हणून सेलच्या टोकांवर मीटर लावून ‘व्होल्टेज ठीक आहे’ म्हणू नका. लोड चालू ठेवून मीटरचे प्रोब मॉड्यूलच्या इनपुट पॅडवरच टेकवा. तिथला आकडा खरा.

आणि इंडक्टरबद्दल तर कोणी बोलतच नाही. चिप 4 अँपिअर झेलेल, पण तो बोटाच्या नखाएवढा इंडक्टर? त्याचा सॅच्युरेशन करंट मॉड्यूलच्या जाहिरातीत कोण सांगतं? कोअर सॅच्युरेट झाला की 22 मायक्रोहेन्री राहत नाहीत, इंडक्टन्स कोसळतो, आणि वर काढलेला 0.1 चा रिपल निरर्थक ठरतो. ऑसिलोस्कोपवर करंट पाहिला तर सरळ चढणारी रेघ शेवटी एकदम वर वळलेली दिसते. स्कोप नसेल तर इंडक्टर आणि चिप हात लावता येणार नाहीत इतके तापणं हीच खूण. पीक करंटच्या वर किमान 20-30 टक्के सॅच्युरेशन रेटिंग हवं, हे मी गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा त्याला वाटतं मी भाव वाढवतोय!

मग ते ‘दोन अँपिअर’ कुठे मिळतात? उलटं मोजा. पीक 4 आणि 85 टक्के धरले तर आउटपुटला 2 अँपिअर तेव्हाच, जेव्हा आउटपुट व्होल्टेज इनपुटच्या 1.7 पटीपेक्षा कमी असतं. पाच व्होल्टवरून साडेआठ, तेही मर्यादेला टेकून. सेलच्या 3 व्होल्टवरून 12 ला 2 अँपिअर घ्यायचे तर इनपुटला 9.4 अँपिअर लागतील. नऊ! त्या मॉड्यूलवरचे तांब्याचे पट्टे बघा जरा.

दोन सेल सिरीजमध्ये घ्या. संपतानाही 6 व्होल्ट, चढ कमी म्हणून कार्यक्षमता 90 धरता येते. ड्यूटी सायकल 0.55, इनपुट 2.2 अँपिअर, पीक 2.3. तेच मॉड्यूल, तोच राउटर, आणि निवांत चालतो. फक्त चार्जिंगला दोन सेलचं बॅलन्सिंग सर्किट आणि 8.4 व्होल्टचा चार्जर लागतो, आणि तेवढ्याचे पैसे वाचवायला लोक एका सेलवर अडून बसतात. विकणाऱ्याने पाकिटावर एवढंच छापावं: स्विच करंट 4 अँपिअर, 3 व्होल्टवरून 12 ला जास्तीत जास्त 0.8, इंडक्टरचं सॅच्युरेशन इतकं. एका ओळीची जागा लागते. ती ओळ छापत नाहीत तोवर मी प्रत्येक गिऱ्हाइकासमोर कागदावर हे गणित मांडूनच देणार, मग दुकानदार माझ्या नावाने कितीही बोटं मोडोत.