झोपलेली डिस्क म्हणजे मरणारी डिस्क नव्हे

«एक्स्टर्नल हार्ड डिस्क अर्धा तास तशीच ठेवली आणि मग उघडायला दहा सेकंद लागले, तर ती जाण्याच्या मार्गावर आहे असे समजा. विंडोजमधली पॉवर सेव्हिंग बंद करा आणि ताबडतोब नवी डिस्क घ्या.»

हा उशीर बहुतेक वेळा बिघाडाचा नसून डिस्कच्या तबकड्या पुन्हा फिरू लागण्याचा असतो. काही मिनिटे काम नसले की मोटर थांबते. पुढची मागणी आली की तबकड्या पूर्ण वेगाने फिरू लागेपर्यंत काहीच वाचता येत नाही. अडीच इंची डिस्कला यासाठी थोडे सेकंद पुरतात, तर साडेतीन इंचीला दहा सेकंदही लागू शकतात.

कोथरूडमधल्या माझ्या एका छायाचित्रकार मित्राने लग्नांचे फोटो ठेवलेल्या, अॅडॅप्टरवर चालणाऱ्या डिस्कबद्दल हीच भीती व्यक्त केली, तेव्हा आम्ही घड्याळ लावून पाहिले. पाच मिनिटांनी फोल्डर लगेच उघडला. चाळीस मिनिटांनी नऊ सेकंद लागले, आधी मोटरचा चढता आवाज आला आणि त्यानंतरचे सगळे फोल्डर विनाविलंब उघडले. उशीर फक्त विश्रांतीनंतरच्या पहिल्या मागणीला होत असेल, तर संशय झोपेवरच घ्यावा.

विंडोजमधली सेटिंग बदलली की प्रश्न सुटतो, हेही अर्धेच खरे आहे. «Turn off hard disk after» आम्ही «Never» केले, तरी नऊ सेकंद कायम राहिले, कारण अनेक डिस्कच्या डब्यातल्या सर्किटचा स्वतःचा टायमर असतो आणि तो विंडोजला जुमानत नाही. तो बदलता आलाच तर निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधून येतो. शिवाय दिवसातून दहा वेळा डिस्क झोपून उठली, तरी वर्षाला ३,६५० फेऱ्या होतात, आणि अनेक साडेतीन इंची डिस्कच्या माहितीपत्रकात ५०,००० फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते; म्हणून केवळ उशिरापायी ती रात्रंदिवस फिरवत ठेवून तापवणे मला पटत नाही.

खऱ्या बिघाडाची खूण वेगळी असते. काम चालू असताना मध्येच अडकणे, पुन्हा पुन्हा टकटक आवाज येणे किंवा डिस्क यादीतून नाहीशी होणे, यांपैकी काही दिसले तर आधी डेटाची प्रत काढावी. मात्र यूएसबीच्याच विजेवर चालणारी अडीच इंची डिस्क असेल, तर प्रत काढतानाच छोटी केबल लावावी आणि हब काढून टाकावा, कारण फिरू लागताना मोटरला क्षणभर जास्त वीज लागते आणि ती न मिळाल्यास धडधाकट डिस्कही असेच वागते.

डिस्कने स्वतः बिघाडाची काही नोंद केली आहे का, हे लिनक्सवर असे तपासता येते. `sdb` च्या जागी आपल्या डिस्कचे नाव घालावे.

```
sudo smartctl -d sat -A /dev/sdb
```

मित्राच्या डिस्कवर `Spin_Retry_Count`, `Reallocated_Sector_Ct` आणि `Current_Pending_Sector` या तिन्ही ओळींच्या शेवटी शून्य होते, म्हणजे मोटर फिरू न लागल्याची किंवा खराब जागेची एकही नोंद नव्हती. नवी डिस्क त्याने तरीही घेतली, पण ती दुसरी प्रत ठेवण्यासाठी.