पुढच्यास ठेच

चादरीला वजन असतं, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, रात्री अडीच वाजता कळलं. उजव्या पायाचा अंगठा जिथे पावलाला जोडलेला असतो, त्या सांध्यावर ती नुसती टेकली होती. मी असा ओरडलो की बायको उठून आधी दाराची कडी बघून आली. दिवा लावला. झोपताना जो अंगठा शरीरातल्या इतर अवयवांसारखा निमूट होता, तो आता लालबुंद, टम्म फुगलेला आणि तुकतुकीत झाला होता. हात न लावताही त्याची धग जाणवत होती. तळपायाची आग मस्तकात जाणे हा वाक्प्रचार ज्याने काढला, त्याचा अंगठा कुठला दुखत होता हे मी सांगू शकतो.

सकाळी एका पायात बूट आणि दुसऱ्यात बायकोची चप्पल अशा वेशात दवाखान्यात पोचलो. माझा नंबर अकरा. स्वागतकक्षातल्या मुलीने विचारलं, "त्रास काय होतोय?" म्हटलं, "अंगठा." तिने वहीत लिहिलं, ‘नख’. नख नाही, सांधा, असं सांगेपर्यंत तिने बाराव्याला हाक मारली होती.

हा बारावा माझ्याच शेजारी येऊन बसला. पासष्टीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात तपासण्यांच्या कागदांची जाडजूड फाइल. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि एकदम समाधानाने म्हणाले, "ठेच."

"नाही हो. काही लागलं नाही."

"लागलंय. तुम्हाला आठवत नाहीये."

"मी झोपलो होतो."

"झोपायच्या आधी?"

"आधी जेवलो."

"जेवायला चालत गेलात ना?"

पुढची दहा मिनिटं त्यांनी माझी जबानी घेतली. घरात फर्निचर किती? पलंगाचे पाय बाहेर आलेले आहेत का? रात्री बाथरूमला उठता? आदल्या दिवशी कोणाच्या गर्दीत गेला होतात, कोणी पायावर पाय दिला का? मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होतो, आणि प्रत्येक नकारागणिक त्यांचा संशय बळावत होता. शेवटी मलाच अपराधी वाटायला लागलं. असेलही लागलं. बायकोपासून काय काय लपवतो आपण, त्यात एक ठेच.

मग ते वाकले आणि छत्रीच्या टोकाने अंगठ्याला स्पर्श केला. दाबला नाही, नुसता स्पर्श. माझ्या तोंडून जो शब्द गेला तो इथे लिहीत नाही; समोरच्या बाईंनी मुलाचे कान झाकले.

"बघा," ते विजयी मुद्रेने म्हणाले, "मुकामारच आहे. मला तीनदा झालाय. अस्साच. दरवेळी पलंगाला ठेच. एकदा तर लागल्याचं कळलंसुद्धा नाही, सकाळी उठलो तर हा एवढा! अँटिबायोटिक घेतलं, सात दिवसांत ठणठणीत. सहा महिन्यांनी परत. परत घेतलं, परत ठणठणीत. आता घरातच ठेवतो."

तेवढ्यात माझा नंबर आला. मी बूट-चप्पल सावरत उठतोय तोवर ते उभे राहिले. "तुमचं काय, अंगठाच तर आहे. वेळ लागेल तुम्हाला. मला फक्त रिपोर्ट दाखवायचाय." आणि गेले. पंचवीस मिनिटं आत होते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. मागचा नुसताच बसून होता, आणि ठेच खाल्लेला पुढे गेला होता.

डॉक्टर बाईंनी मात्र ‘कुठे आपटलात’ हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला. आधी विचारलं, "किती वाजता सुरू झालं, आणि किती वेळात एवढं झालं?" हा प्रश्न मला क्षुल्लक वाटला होता, पण अर्धा खटला त्यावरच निकाली निघाला. मुकामार असेल तर त्याला एक क्षण असतो. माणसाला तो बहुधा आठवतो, कारण त्या क्षणी त्याने शिवी दिलेली असते. दुखणं तिथून सुरू होतं, मग सूज येते, काळंनिळं होतं. त्वचेचा जंतुसंसर्ग असेल तर तो बहुधा दोन-तीन दिवस घेत पसरतो. त्याला आत शिरायला कुठेतरी वाट लागते, भेग, फोड, बोटांच्या बेचक्यातली चीर. म्हणून त्यांनी टॉर्च घेऊन माझी सगळी बेचकी तपासली. (पाय धुऊन गेलो असतो तर बरं झालं असतं.) गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा दाह, मात्र दरोडेखोरासारखा येतो. रात्री काही नाही, पहाटे चादर सहन होत नाही, आणि चोवीस तासांच्या आत वेदना शिगेला.

मग त्यांनी अंगठा अगदी हलकेच, केसभर वाकवला. मी पुन्हा तो शब्द उच्चारला. वरवरच्या त्वचेचाच संसर्ग असेल तर सांधा सहसा बऱ्यापैकी हलतो; माझा हलतच नव्हता. म्हणजे भांडण कातडीत नव्हतं, सांध्याच्या आत होतं.

"मग गाऊट ना?" मी विचारलं.

"बहुतेक. पण मला भीती वेगळ्याच गोष्टीची आहे." सांध्याच्या आतच जंतू शिरले, तर तोही असाच लाल, गरम, सुजलेला दिसतो. हा संसर्ग बहुधा गुडघ्यासारखा मोठा सांधा धरतो, पण अंगठ्याला सूट दिलेली नाही. उशीर झाला तर काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. आणि रक्त तपासून या दोघांची फारकत होत नाही, कारण पांढऱ्या पेशी दोन्हीत वाढतात. तापही गाऊटमध्ये थोडासा येऊ शकतो. खरा निवाडा एकच: सांध्यात सुई घालून पाणी काढायचं. ते ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, की युरेटचे, म्हणजे त्या युरिक ॲसिडच्या क्षाराचे, सुईसारखे टोकदार स्फटिक दिसतात. त्याच पाण्यात जंतूही वाढवून बघायचे, कारण दोघं एकाच सांध्यात एकत्र नांदू शकतात. सुईसारखे स्फटिक शोधायला सुईच खुपसायची, ही योजना ऐकून मी पाय मागे घेतला.

"तुम्हाला ताप नाही, थंडी वाजली नाही, मधुमेह नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नाहीत, आणि चित्र अगदी पुस्तकातलं आहे," त्या म्हणाल्या. "आज सुई नको. पण हुडहुडी भरली, ताप चढला किंवा औषधाने दोन दिवसांत उतार पडला नाही, तर नंबर न लावता यायचं, तेव्हा सुई घालणार." ‘नंबर न लावता’ हे शब्द मी मनात कोरून ठेवले. कोणाविरुद्ध ते वापरायचे हेही ठरवलं.

मग उलटतपासणी. आठवड्याभरात काय झालं? दोन दिवस पोट बिघडलं होतं, पाणी धड पीत नव्हतो. रक्तदाबाची गोळी? तीन महिन्यांपूर्वी बदलली, लघवी जास्त होणारी. "हं," त्या म्हणाल्या. त्या ‘हं’मध्ये सगळं आलं. युरिक ॲसिड मूत्रपिंडं बाहेर टाकतात. त्या जातीच्या गोळ्या ते रोखून धरतात आणि पोट बिघडून शरीर सुकलं की ते आणखी दाट होतं. पाक दाट झाला आणि वर थंड झाला, की त्यात खडे धरतात. रक्तात ही मर्यादा डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमला येते. पायाचा अंगठा हृदयापासून लांब, शरीरातला थंड कोपरा, त्यामुळे खडे जमायला त्याची निवड होते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, अशी तंबीही मिळाली. मी तेच करणार होतो.

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडं ठीक. युरिक ॲसिड ६.१. चक्क नॉर्मल! इतका अपमान मला छत्रीनेही वाटला नव्हता. रात्रभर तळमळून, एका पायात बायकोची चप्पल घालून, शेवटी कागदावर मी निरोगी. फोन केला तर बाई शांतपणे म्हणाल्या, झटक्याच्या ऐन भरात हा आकडा खाली उतरलेला असू शकतो, त्यामुळे त्या दिवशीच्या नॉर्मलला अर्थ नाही. दोन-तीन आठवड्यांनी, सगळं शांत झाल्यावर परत बघायचं. किती लोक तो एक कागद घेऊन ‘गाऊट नाही’ म्हणत घरी गेले असतील आणि पलंगाचे पाय कापायला सुतार बोलावला असेल, कोण जाणे.

औषध कोल्चिसिनचं, आधी दोन गोळ्या आणि तासाभराने एक, बस्स. "पूर्वी जुलाब लागेपर्यंत तासातासाला द्यायचे," त्या म्हणाल्या. मी पूर्वी जन्मलो नाही याबद्दल आईवडिलांचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी चादर सहन झाली, पाचव्या दिवशी बूट चढला.

आणि पाचव्याच दिवशी, बुटाची नाडी बांधताना, मला ते बारा नंबरचे आठवले. बाई बोलता बोलता सांगून गेल्या होत्या की गाऊटचा झटका काही औषध नाही घेतलं, तरी आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. म्हणजे अँटिबायोटिक नुसतं शेजारी उभं राहतं आणि श्रेय घेऊन जातं. तीन वेळा अंगठा, तीन वेळा रातोरात, मधे सहा-सहा महिने ठणठणीत! त्या गृहस्थाला पलंगाने नाही, युरेटने तीनदा गाठलं होतं. आणि तो मला ठेच शिकवत होता! माझ्या नंबरावर आत जाऊन पंचवीस मिनिटं बसला, तेव्हा ही गोष्ट सांगितली असेल? छे, रिपोर्ट दाखवले असतील.

यात माझी दुसरी तक्रार नातेवाइकांबद्दल आहे. गाऊट म्हटलं की फोनवर पलीकडून आधी हसू येतं. "काय मजा चालली होती एवढी?" राजेरजवाड्यांचा रोग म्हणे. बियर आणि मटण-मासळीने तो चिघळतो हे खरं, पण बराचसा मामला मूत्रपिंडांनी किती बाहेर टाकलं याचा आणि आईबापांकडून काय आलं याचा असतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक ॲसिड मोडणारं एक विकर असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते वाटेत कुठेतरी हरवलं. त्या माकडाला कोणी विचारत नाही, काय मजा चालली होती.

तीन आठवड्यांनी परत रक्त दिलं. ८.४. नोकरीत बढती मिळाल्यासारखा आनंद झाला. अंगठा खरं बोलत होता. बाईंनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली. पहिल्याच झटक्यावर युरिक ॲसिड उतरवणारी कायमची गोळी नको, पुन्हा आला तर बघू, असं ठरलं.

बाहेर आलो तेव्हा बारा नंबरवाले कुठे दिसतात का म्हणून सगळ्या खुर्च्या न्याहाळल्या. चार वाक्यं घोकून आलो होतो. ते नव्हते. त्यांच्या खुर्चीत दुसरेच एक आजोबा बसले होते. त्यांनी माझ्या चालण्यात उरलेली किंचित लंगड पाहिली आणि आपुलकीने विचारलं, "ठेच लागली का हो?"

"हो," मी म्हणालो. "पलंगाला."