हवा झटकन सोडली की बीपी अचूक येत नाही, चुकतं

"नर्स आणि हेल्थ वर्करसाठी बीपीची सोपी ट्रिक. १) कफ १६० पर्यंत फुगवला की बास, उगाच जास्त फुगवून पेशंटला त्रास देऊ नका, नाडी बघायचीही गरज नाही. २) हवा झटकन सोडा, हळू सोडली तर हात आवळून बीपी खोटं जास्त येतं. ३) आवाज बारीक झाला की तेच खालचं बीपी. ४) स्टेथो कफच्या आत खोचा, एक हात मोकळा राहतो. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

माझी भाची नर्सिंग शिकतेय, तिने हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, आमच्या बॅचमधल्या सगळ्या आता असंच घेतायत." तेव्हापासून डोक्यात राग आहे, कारण हे वाचून बीपी घेणारी मुलगी उद्या वॉर्डात उभी राहणार आणि तिने लिहिलेल्या आकड्यावर कुणाच्या तरी गोळ्या सुरू होणार किंवा थांबणार.

आधी दुसरा मुद्दा घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. कफ फुगवला की दंडातली धमनी दाबली जाते, रक्त थांबतं, आवाज नसतो. दाब उतरत उतरत वरच्या बीपीच्या जरासा खाली आला की प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त निसटून पुढे जातं आणि तोच टक टक आवाज आपल्याला ऐकू येतो. रशियन सर्जन निकोलाय कोरोटकॉफने १९०५ साली हे सांगितलं, म्हणून त्यांना कोरोटकॉफचे आवाज म्हणतात. आता यात एक गोष्ट कुणी लक्षातच घेत नाही, की आवाज फक्त ठोका पडतो तेव्हाच येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये डायलचा काटा जेवढा घसरला तेवढं आपल्याला दिसलंही नाही आणि ऐकूही आलं नाही.

उदाहरण घेऊन बघा. पेशंटचं खरं बीपी १४६/८२ आहे आणि नाडी ६०, म्हणजे सेकंदाला एक ठोका. मेसेजवाल्या पद्धतीने हवा सोडली, काटा सेकंदाला १० मिमीने खाली येतोय. एक ठोका पडला तेव्हा काटा १४८ वर होता, धमनी अजून बंद, आवाज नाही. पुढचा ठोका पडेपर्यंत काटा १३८ वर. पहिला आवाज इथे ऐकू आला. मग १२८, ११८, १०८, ९८, ८८ ला आवाज आले, आणि पुढच्या ठोक्याला काटा ७८ वर, म्हणजे ८२ च्या खाली, आवाज बंद. शेवटचा आवाज ८८ ला ऐकला म्हणून कागदावर काय लिहिलं, १३८/८८. वरचं ८ ने कमी आणि खालचं ६ ने जास्त. खरं वरचं बीपी १४० च्या पुढे होतं, त्या बाईंना सांगितलं "ठीक आहे तुमचं" आणि घरी पाठवलं.

आणि पाच मिनिटांनी परत घेतलं तर ठोका वेगळ्या जागी पडेल, काटा १४५ वर असताना, मग १४५/८५ येईल, आणि मग सगळे म्हणणार मशीन बिघडलंय. मशीन बरोबर आहे, सोडायचा वेग चुकलाय.

हेच सेकंदाला २ मिमीने सोडलं असतं तर काटा १४८, १४६, १४४ असा उतरला असता. १४६ ला पहिला आवाज, ८२ ला शेवटचा. चूक झालीच तर २ मिमीची. वेळ किती लागतो? १७० पासून ७० पर्यंत यायला ५० सेकंद. मेसेजवाल्या पद्धतीला १०. चाळीस सेकंद वाचवायला हे सगळं चाललंय.

त्यात नाडी जितकी हळू तितकी चूक मोठी. नाडी ५० असेल तर दोन ठोक्यांत १.२ सेकंद जातात आणि झटकन सोडताना काटा तेवढ्यात १२ मिमी घसरतो. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी हळू होते हे तर सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे ज्यांचं बीपी नीट मोजायलाच हवं अशा पेशंटचं सगळ्यात जास्त चुकणार. अशांना सेकंद मोजत बसू नका, एका ठोक्याला २ मिमी असा हिशेब ठेवा.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजी यांची २०१७ ची बीपीची गाईडलाईन आहे, तिच्यात मोजायची पद्धत पायरीपायरीने दिलीय. आधी नाडी बंद होण्याचा आकडा बघा, त्याच्यावर २० ते ३० मिमी फुगवा, सेकंदाला २ मिमीने सोडा, पहिला आवाज आला ते वरचं, सगळे आवाज पूर्ण गेले ते खालचं, आणि आकडा जवळच्या सम संख्येत लिहा. म्हणजे सगळ्यांचं १३० आणि १४० असं शून्यावर नेऊन ठेवायचं नाही.

मेसेजमधलं अर्धं वाक्य खरं आहे, तेही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी तेवढंच धरून बसेल. फारच हळू सोडलं, मध्ये मध्ये थांबलं, किंवा पहिला आवाज चुकला म्हणून अर्ध्यातूनच परत फुगवलं, तर हाताच्या शिरांमध्ये रक्त तुंबतं, आवाज मंद होतात आणि खालचं बीपी जास्त येऊ शकतं. पण त्याचा उपाय झटकन सोडणं नाही. आवाज चुकला तर हवा पूर्ण सोडा, काटा शून्यावर आणा, एक-दोन मिनिटं थांबा, मग नव्याने. आणि झटकन सोडायची जागा पण आहे बरं का, शेवटचा आवाज गेल्यावर अजून १०-२० मिमी हळूच उतरून खात्री केली की मग बिनधास्त सोडून द्या. मला वाटतं कुणीतरी सिनियरला हे शेवटचं सोडताना बघितलं आणि तेच पहिल्यापासून करायचं असतं असं समजून मेसेज तयार केला.

आता १६० वाला मुद्दा. हा पण तितकाच घातक आहे, फक्त रोज दिसत नाही. काही पेशंटमध्ये, विशेष करून वयस्कर आणि जुनं बीपी असलेल्यांमध्ये, पहिला आवाज येतो, मग मध्येच आवाज पूर्ण गायब होतात आणि बऱ्याच खाली परत सुरू होतात. समजा आजोबांचं खरं बीपी १८६/९४ आहे. आवाज १८६ ला सुरू झाले, १६४ ला गेले, १४२ ला परत आले, ९४ ला संपले. तुम्ही १६० पर्यंत फुगवलंत म्हणजे थेट त्या शांत पट्ट्यात जाऊन पोचलात. कानात काही नाही, तुम्हाला वाटतं वरच्या बीपीच्या वर आहोत, काटा खाली येतो, १४२ ला टक ऐकू येतं, लिहिलं १४२/९४. वरचं बीपी ४४ मिमीने चुकलं आणि कुणाला पत्ता नाही. उलटं पण होतं. कुणी २०० पर्यंत फुगवलं, १८६ ला आवाज ऐकला, १६४ ला गेला म्हणून तिथेच हवा सोडून दिली आणि १८६/१६४ लिहून सगळ्यांना पळवलं.

हे ओळखायचं कसं, तर बोटाने. कानात आवाज नसला तरी त्या शांत पट्ट्यात मनगटाची नाडी लागत असते. म्हणून मेसेजवाला जी नाडी बघायची गरज नाही म्हणतो तीच आधी बघायची असते. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा, कफ फुगवत जा, नाडी कुठे बंद झाली तो आकडा लक्षात ठेवा. या आजोबांची १८० ते १८५ च्या आसपास बंद झाली असती. मग हवा पूर्ण सोडा, अर्धा-एक मिनिट थांबा, आणि दुसऱ्यांदा त्या आकड्याच्या वर ३० मिमी, म्हणजे साधारण २१० ते २१५ पर्यंत फुगवा. आणि पेशंटच्या त्रासाचं म्हणाल तर ज्याची नाडी ११० ला बंद झाली त्याला १४० पुरतं, १६० पर्यंत आवळायची गरजच नाही.

तिसरा मुद्दा थोडक्यात. आवाज बारीक होणं हा चौथा टप्पा आणि पूर्ण जाणं हा पाचवा. मोठ्या माणसांत खालचं बीपी म्हणजे पाचवा. बारीक झाल्यावर लिहिलंत तर खालचं जास्त येणार. अपवाद आहे, गरोदर बाया, काही मुलं, झडपेतून रक्त मागे गळणारे पेशंट, यांच्यात कधी कधी आवाज शून्यापर्यंत चालूच राहतात. तेव्हा तिन्ही आकडे लिहा, १२४/६४/० असे, म्हणजे बारीक कुठे झाला ते वाचणाऱ्याला कळतं. पण त्याआधी एकदा बघा की स्टेथोच आपण जोरात दाबून धरलाय का, कारण धमनी वरून दाबली तरी आवाज खालपर्यंत लांबतात.

आणि तिथूनच चौथा मुद्दा येतो. कफच्या आत खोचलेला स्टेथो म्हणजे कफच त्याला धमनीवर दाबतोय, खालचं बीपी खोटं कमी येऊ शकतं, वर कापड घासल्याची खरखर वेगळी. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवा, घडीत आतल्या बाजूला बोटाने धमनी चाचपा आणि स्टेथो तिथे मोकळ्या कातडीवर, नुसता टेकेल इतपत धरा. एक हात स्टेथोला, एक बल्बला, तिसरा मोकळा हात लागतच नाही.

भाचीला मी जी प्रॅक्टिस दिलीय ती सांगते. जाड बाटलीला कफ गुंडाळायचा, २०० पर्यंत फुगवायचा, समोर सेकंदकाट्याचं घड्याळ. व्हॉल्व्ह बंद ठेवून आधी बघायचं की काटा आपोआप खाली सरकतोय का, सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे, तो सेट बाजूला ठेवायचा. मग व्हॉल्व्ह अंगठा आणि बोटात धरून केसभर फिरवायचा आणि १० सेकंदांनी काटा १८० च्या जवळ आहे का ते बघायचं. १५० वर पोचला असेल तर परत. आणि कितीही हलक्या हाताने फिरवलं तरी काटा एकदम धाडकन पडत असेल तर व्हॉल्व्हमध्ये धूळ आहे किंवा तो झिजलाय, तो साफ करून घ्या नाहीतर बदलून मागा, त्याच्यावर पेशंटचं बीपी घेऊ नका.