नऊला आडवं झालं म्हणून झोप येत नाही

"नोकरी करणाऱ्यांसाठी खास! रात्री ९ वाजता अंथरुणावर पडाच. झोप आली नाही तरी उठू नका, डोळे मिटून पडून राहा, तेवढाच आराम. झोपताना जायफळ घातलेलं गरम दूध घ्या. रविवारी दुपारपर्यंत झोपून आठवड्याची झोप भरून काढा. तरीही जमलं नाही तर केमिस्टकडून झोपेची अर्धी गोळी आणा, काही होत नाही. झोपेसाठी कोणी डॉक्टरकडे जातं का? सर्वांना पाठवा."

सर्वांना पाठवलं, तसं ते माझ्या ताईलाही आलं. ताई बदलापूरला राहते आणि नोकरीला ठाण्याला जाते. सकाळी साडेपाचला उठणारी बाई गेले तीन आठवडे इमानेइतबारे नऊला अंथरुणात शिरते आणि बारापर्यंत छताकडे बघत राहते. तीनच्या सुमाराला पुन्हा जाग येते, अर्धा तास जातो, मग गजर होईपर्यंत डोळा लागतो. वर मलाच विचारते, "सगळं तर करतेय, मग झोप का बिघडली?" सगळं करतेय म्हणूनच बिघडली, ताई.

पहिल्या दोन सूचनांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण त्या सात्त्विक वाटतात. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे जागेपणी तासागणिक साठत जाणारी झोपेची ओढ. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. ज्याला रोज साडेअकरा-बाराला झोपायची सवय आहे, त्याचं घड्याळ नेमकं त्याआधीच्या दोन-तीन तासांत त्याला जागं ठेवत असतं. म्हणजे ताई नऊला आडवी होते ती झोप येणं सगळ्यात अवघड असतं त्याच वेळी. त्यात संध्याकाळच्या लोकलमध्ये खिडकीला डोकं टेकून अर्धा-पाऊण तास डुलकी झालेली असते, म्हणजे साठलेली ओढही थोडी खर्च झालेली. आणि "पडून राहा" यातून आराम मिळतो म्हणावं, तर अंथरुणात रोज तीन तास उद्याच्या कामाची काळजी केली की मेंदू अंथरुणाची सांगड जागरणाशीच घालतो. सोफ्यावर टीव्हीसमोर पेंगणारा माणूस गादीवर पाठ टेकताच टक्क जागा होतो, तो यामुळेच.

ताईचा हिशेब मांडून बघा. नऊ ते साडेपाच म्हणजे साडेआठ तास अंथरुणात. झोप बारा ते तीन आणि साडेतीन ते साडेपाच, म्हणजे पाच तास. अंथरुणातल्या वेळापैकी झोप जेमतेम ५९ टक्के. निद्रानाशावरच्या उपचारात इथे उलटं करतात, अंथरुणातला वेळच कापतात. उठायची वेळ साडेपाच, ती हलवायची नाही. झोपायला जायचं बाराला, त्याआधी नाही. साडेपाच तासांत पाचच्या आसपास झोप लागायला लागली आणि आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली, की पंधरा मिनिटं आधी, म्हणजे पावणेबाराला जायचं. पुढच्या आठवड्यात ती टिकली तर साडेअकरा. दिवसा ताजंतवानं वाटेपर्यंत असंच मागे सरकायचं. सरासरी घसरली तर पंधरा मिनिटं परत कापायची. पाच तासांपेक्षा कमी वेळ मात्र ठेवत नाहीत.

पहिला आठवडा वाईट जातो, दिवसा पेंग येते. त्या दिवसांत स्टेशनपासून घरापर्यंत स्कूटर चालवू नये. फिट येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी आणि ज्यांचं कामच गाडी किंवा यंत्र चालवायचं आहे त्यांनी हे स्वतःच्या मनाने करूच नये.

अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं. अंदाजे म्हणतोय, घड्याळ बघून नव्हे. ते उलटं करून ठेवा. वन बीएचकेमध्ये हॉलमध्ये सासूबाई झोपलेल्या असतात हे मला माहीत आहे. स्वयंपाकघरात खुर्ची टाका, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, पापण्या जड झाल्या की परत या. मोबाईल नको, कारण तिथे ऑफिसचा ग्रुप आहे.

दुधाबद्दल भांडत नाही. आवडतं तर घ्या, जायफळ चिमूटभरच. जास्त झालं तर ते बाधतं. त्यापेक्षा चारनंतरचा ऑफिसातला चहा-कॉफी बंद करा. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात. आणि 'झोप यावी म्हणून एक पेग' घेणाऱ्यांना लवकर डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते.

रविवारच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. आठवडाभर खरोखरच कमी झोपलेल्या माणसाला रविवारी तासभर जास्त झोपून बरं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण बाराला उठलं की रात्री अकरापर्यंत ओढ साठतच नाही, आणि सोमवारचा गजर रविवारच्या जागरणावर वाजतो. ज्याला झोप लागतच नाही त्याच्यासाठी तर रविवारचीही उठायची वेळ तीच. रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित वेगळं, ते इथे लावू नका.

आता ती अर्धी गोळी. आपल्याकडे झोपेसाठी सर्रास मागितली जाते ती अल्प्राझोलाम. ती शेड्यूल एच-वनमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा, आणि विकली तर दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत नोंदवायचं असतं. एवढा बंदोबस्त उगाच केलेला नाही. रोज घेतली की शरीराला सवय लागते, अर्धीची एक होते आणि बंद केली की झोप आधीपेक्षा वाईट होते. दारूबरोबर घेतली किंवा झोपेत श्वास अडकणाऱ्याने घेतली तर श्वासावर बेतू शकतं. आणि जे महिनोन्महिने घेत आहेत त्यांनी हे वाचून आज रात्री एकदम थांबवू नका. एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करून देतात.

"झोपेसाठी डॉक्टर?" हो, झोपेसाठीच. आठवड्यात किमान तीन रात्री, तीन महिने झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल आणि दिवसा त्याचा त्रास होत असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये अशा प्रौढ रुग्णांसाठी पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, सीबीटी-आय सांगितली, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती. वर ताईचा जो हिशेब मांडला, तो त्याच उपचाराचा एक भाग. डॉक्टरकडे जाणं म्हणजे गोळी सुरू होणं, ही भीती म्हणूनच सोडा.

काही बाबतींत तीन महिने थांबायचंही नाही. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं, पुरेसं झोपूनही दिवसा डुलक्या, रात्री पायांत अस्वस्थ वळवळ, सतत उदास वाटणं, यांपैकी काही असेल तर लगेच फॅमिली डॉक्टरकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. थायरॉइड, रजोनिवृत्तीतल्या गरम वाफा, चालू असलेलं एखादं औषध, हेही कारण निघतं आणि ते व्हॉट्सॲपवरून कळत नाही.

ताईला सांगितलंय की दोन आठवडे रोज सकाळी वहीत चार गोष्टी लिही: अंथरुणात कधी गेलीस, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलीस. दुपारची आणि लोकलमधली डुलकीही लिही. ती वही घेऊन जा, आणि भाऊजींना सोबत ने. तू घोरतेस का, हे तुला नाही, त्यांना माहीत आहे.