माझ्याकडे तर होत नाही

आमच्या बिलिंग अ‍ॅपची तक्रार न दुरुस्त करता बंद करायची झाली, तर यादीत दोन कारणं दिसतात: `Cannot Reproduce` आणि `Won't Fix`. पहिलं वाचून समोरच्याला ऐकू येतं, ‘तुम्ही खोटं बोलता’. दुसऱ्यातून ऐकू येतं, ‘बोंबला’.

कळमन्याच्या बाजारातल्या एका अडत्या भाऊंची तक्रार आली, ‘बिलावर कालची तारीख येते.’ मी सकाळी अकराला, तर्री-पोहे हाणून, कूलरसमोर बसून तीन बिलं काढली. तिन्हींवर आजचीच तारीख. ‘माझ्याकडे होत नाही’ असं लिहिलं, पहिलं कारण निवडलं आणि मोकळा झालो. दहा मिनिटांत फोन. ‘काहो साहेब, मी का खोटं बोलून रायलो?’

आता आली का पंचाईत! मी माझ्या लॅपटॉपबद्दल बोललो होतो, भाऊंनी ते स्वतःच्या इभ्रतीवर घेतलं. मग तक्रार पुन्हा उघडली आणि मी काय काय करून पाहिलं ते लिहिलं: कोणता फोन, अ‍ॅपची कोणती आवृत्ती, किती वाजता. शेवटी विचारलं, ‘तुमच्याकडे यातलं काय वेगळं आहे?’

उत्तरात बिलांचे चार फोटो आले. पहाटे ४:३५, ४:५० आणि ५:१० च्या बिलांवर कालची तारीख, सातच्या बिलावर बरोबर. माझी ट्यूबलाइट तेव्हा पेटली. आमच्या कोडात ही ओळ होती:

```js
new Date().toISOString().slice(0, 10)
```

ही ओळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची तारीख देते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत तिथे कालच चालू असतो. भाऊंचा माल पहाटे उतरतो आणि मी त्या वेळी घोरत असतो. मला हा बग दिसणार तरी कसा? दुरुस्ती एका ओळीची होती, माफी बरीच लांबली.

दुसऱ्या तक्रारीला मात्र मी शहाणा झालो होतो. त्यांच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ₹ च्या जागी प्रश्नचिन्ह उमटायचं. हे चिन्ह आलं २०१० मध्ये, प्रिंटर त्याच्याही आधीचा. त्याच्या पोटातल्या अक्षरांत ते नाहीच. बटण दाबायच्या आधी मी फोन केला.

‘म्हणजे तुम्ही करणार नाही?’

‘मी करीन हो, प्रिंटर ऐकणार नाही. त्याच्यापुरतं ‘Rs.’ छापून देतो. प्रिंटर बदलला की सांगा, ही तक्रार पुन्हा उघडतो.’

‘मंग असं बोला ना!’

मग कुठे मी `Won't Fix` निवडलं, आणि हेच सगळं खाली लिहूनही ठेवलं.

परवा पहाटे ४:४२ ला त्यांची नवी तक्रार आली. प्राधान्य: अतितातडीचं. मजकूर: ‘तारीख बरोबर येऊन रायली. धन्यवाद.’

ती अजून उघडीच आहे. बंद करायला यादीत कारणच सापडत नाही.